१ ऑक्टोबरपासून पासवर्ड मॅनेजर सक्तीचा: का आणि कसा

सर्व केंद्रप्रमुख, काट्यावरचे ऑपरेटर, हिशेबनीस आणि गोदामपाल यांच्यासाठी

सोयाबीनची आवक जोरात सुरू होण्याआधी, म्हणजे १ ऑक्टोबरपासून, आपल्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या कामाचा एकही पासवर्ड डोक्यात, वहीत, मोबाईलच्या नोंदीत किंवा ब्राउझरमध्ये ठेवायचा नाही. ऑफिसचा ईमेल, जीएसटीचं लॉगिन, खरेदीचं पोर्टल, हिशेबाचं सॉफ्टवेअर, सगळ्यांचे पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड कुलूपबंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, राहतील. हा निर्णय संचालक मंडळाचा आहे. मंडळाकडे मागणी मी केली होती, म्हणून त्यामागचं कारण मीच सविस्तर सांगितलं पाहिजे.

मागच्या आठवड्यात एका केंद्रावर हे सांगितलं तेव्हा तिथल्या ताई म्हणाल्या, "सर, एक पासवर्ड ध्यानात राहत नाही आमच्या, अन् तुम्ही हे नवीन काहून आणता?" प्रश्न बरोबर होता. एक पासवर्ड ध्यानात राहत नाही म्हणून माणूस तोच एक पासवर्ड दहा ठिकाणी वापरतो, आणि आपलं नुकसान होता होता राहिलं ते नेमकं याच सवयीमुळे.

तुरीच्या हंगामात काय झालं ते अनेकांनी अर्धवट ऐकलं आहे. एका केंद्रावरच्या आपल्या सहकाऱ्याने घरच्यासाठी एका ऑनलाइन दुकानातून काही सामान मागवलं होतं. त्यांचा स्वतःचा ईमेल नव्हता, म्हणून खातं उघडताना ऑफिसचा पत्ता टाकला, आणि लक्षात राहावा म्हणून पासवर्डही ऑफिसचाच दिला. पुढे त्या दुकानाची ग्राहकांची यादी चोरीला गेली. त्यांना ते कळलं नाही, मलाही कळलं नाही. काही महिन्यांनी एका रात्री पावणेतीन वाजता बाहेरच्या ठिकाणाहून कोणीतरी त्यांच्या ऑफिसच्या ईमेलमध्ये शिरलं.

लॉगिनची नोंद मी नंतर पाहिली. तिथे एकही चुकीचा प्रयत्न नव्हता, पहिल्याच फटक्यात बरोबर पासवर्ड पडला होता. कोणी अंदाज लावत बसलं असतं तर आधी दहा-वीस चुका दिसल्या असत्या. चूक न होता दार उघडलं, याचा अर्थ किल्ली त्यांच्याकडे आधीच होती. मग मी तो ईमेल पत्ता 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर टाकून पाहिला. फुटलेल्या याद्यांमध्ये आपला पत्ता आहे का, हे तिथे फुकट बघता येतं. ट्रॉय हंट नावाच्या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने ती २०१३ मध्ये सुरू केली. आपला पत्ता त्या दुकानाच्या यादीत सापडला.

आत शिरलेल्या माणसाने काहीच मोडतोड केली नाही, म्हणूनच आपल्याला दोन दिवस पत्ता लागला नाही. त्याने ईमेलमध्ये एक नियम लावून ठेवला: ज्या पत्रात बिल किंवा पेमेंट हे शब्द असतील, त्याची प्रत बाहेरच्या एका पत्त्यावर जावी आणि मूळ पत्र कोणी उघडत नाही अशा फोल्डरमध्ये सरकावं. १२० क्विंटल तुरीचं, ७,००० रुपये भावाने, ८ लाख ४० हजारांचं बिल आपण दालमिलला पाठवलं, तेव्हा ते त्यालाही मिळालं. दुसऱ्या दिवशी आपल्याच पत्त्यावरून, आपल्याच बिलाच्या खाली, दालमिलला पत्र गेलं की आमचं बँक खातं बदललं आहे, रक्कम नव्या खात्यात भरा.

पैसे वाचले ते दालमिलच्या मुनीमजींमुळे. त्यांनी फोन केला, "भाऊ, तुमचं खातं बदललं का जी? मले काही कोणी बोललं नाही." तो फोन आला नसता तर रक्कम गेली असती. ती आपली नव्हती, ३४ शेतकऱ्यांच्या चुकाऱ्याची होती.

त्या दिवशी माझ्याकडूनही एक चूक झाली, तीही सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली तर उपयोगी पडेल. मी घाईने फक्त पासवर्ड बदलला. पण लावलेला नियम पासवर्ड बदलल्याने जात नाही. आणखी एक दिवस आपली पत्रं बाहेर जात राहिली. खातं फुटल्याची शंका आली की पासवर्ड बदलायचा, सगळीकडचं चालू लॉगिन तोडायचं आणि पत्रं पुढे पाठवण्याचे नियम तपासायचे. तिन्ही झाल्याशिवाय दार बंद झालं असं धरू नका.

आता मूळ प्रश्न. ते दुकान कुठलं, आपली कंपनी कुठली. तिथली चोरी इथे कशी पोचली?

एखाद्या साइटवरून पासवर्डची यादी चोरीला गेली की ती विकली जाते, आणि विकत घेणारे एक छोटा प्रोग्राम लावतात. तो प्रत्येक पत्ता-पासवर्डची जोडी घेऊन ईमेल, बँक, खरेदीच्या साइट अशा शेकडो दारांवर लावून पाहतो. तो माणूस कोण, यवतमाळचा की युरोपातला, याच्याशी प्रोग्रामला देणंघेणं नसतं. हजारात पाच-दहा दारं उघडली तरी त्याचं भागतं. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. फायली साठवून ठेवणाऱ्या ड्रॉपबॉक्स कंपनीने २०१२ मध्ये कळवलं होतं की दुसऱ्या साइटवरून चोरलेल्या पासवर्डने कोणीतरी त्यांच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्यात शिरलं, आणि त्या खात्यात ग्राहकांच्या ईमेल पत्त्यांची एक फाइल होती. जिथे तंत्रज्ञानाचंच काम चालतं तिथल्या माणसाने दोन ठिकाणी एकच पासवर्ड ठेवला होता. तेव्हा यात आपल्या सहकाऱ्याचा बावळटपणा शोधू नका. चाळीस पासवर्ड लक्षात ठेवणं माणसाच्या डोक्याचं कामच नाही.

पासवर्ड मॅनेजर हे ओझं डोक्यावरून काढतो. तो प्रत्येक खात्यासाठी स्वतः वेगळा, वीस अक्षरांचा, कोणालाही न सुचणारा पासवर्ड तयार करतो आणि कुलूपबंद तिजोरीत ठेवतो. तुम्ही फक्त तिजोरीचा एक मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा. उद्या दुसऱ्या कुठल्या दुकानाची यादी फुटली, तर त्या एका दुकानापुरतीच किल्ली चोराच्या हाती लागेल.

इथे प्रत्येक केंद्रावर मला एकच प्रश्न विचारला गेला, आणि तो विचारलाच पाहिजे: सगळ्या किल्ल्या एका तिजोरीत ठेवल्या अन् तिजोरीच चोरीला गेली तर?

असं घडलेलं आहे. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजर कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. आतले पासवर्ड कुलूपबंद होते, पण कोणाचं कुठल्या साइटवर खातं आहे ते पत्ते उघडे होते. चोराच्या हाती बंद तिजोरी आली, आणि ती फोडायला हवा तेवढा वेळ. अशा वेळी ती टिकणार की नाही, हे जवळजवळ पूर्णपणे तुमच्या मुख्य पासवर्डवर ठरतं. का, ते नीट समजून घेऊ, कारण या सगळ्या सूचनेचं मर्म तिथेच आहे.

पिठाची चक्की डोळ्यापुढे आणा. गहू टाकले की पीठ पडतं, पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. चांगल्या साइट पासवर्ड साठवत नाहीत, त्याचं पीठ साठवतात. तुम्ही लॉगिन करता तेव्हा दिलेला पासवर्ड दळून पाहतात, पीठ जुळलं की आत घेतात. तुमच्या तिजोरीची किल्लीही अशीच, मुख्य पासवर्ड दळून तयार होते. चोराला पिठाचे गहू करता येत नाहीत. पण तो एक करू शकतो: `Gajanan@1` दळून बघ, जुळलं का? `Gajanan@12`? `Gajanan@123`? असे अंदाज दळत राहायचं.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे प्रत्येकाच्या दळणात वेगळी चिमूटभर मिसळण. इंग्रजीत त्याला मीठच म्हणतात. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं पडतं, आणि चोराला प्रत्येकासाठी पहिल्यापासून दळावं लागतं. दुसरा उपाय म्हणजे एकदा दळून न थांबता तेच पीठ पुन्हा पुन्हा दळणं. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ते ६ लाख वेळा होतं. तुम्हाला लॉगिन करताना क्षणभर थांबावं लागतं, एवढंच. चोराला मात्र प्रत्येक अंदाजामागे तेवढं थांबावं लागतं. एकदाच दळलेल्या पिठावर त्याचं यंत्र सेकंदाला अब्जावधी अंदाज करू शकतं. सहा लाख वेळा दळायचं म्हटलं की तेच यंत्र काही हजारांवर येतं.

आता हिशेब मांडू. चोराकडे यंत्रं जास्त आहेत आणि तो सेकंदाला १ लाख अंदाज करतो असं धरू. आपल्याकडचे पासवर्ड मी वर्षानुवर्षं बघतो आहे: देवाचं किंवा मुलाचं नाव, मध्ये `@`, पुढे आकडे. अशी २० हजार नावं आणि पुढे जोडायच्या ५०० शेपट्या धरल्या तर एकूण १ कोटी अंदाज होतात. सेकंदाला एक लाख म्हणजे १०० सेकंद. दोन मिनिटांच्या आत तिजोरी उघडी. सहा लाख वेळा दळूनही त्याचा उपयोग नाही.

म्हणून मुख्य पासवर्ड तुम्ही मनाने ठरवायचा नाही, फाशांनी ठरवायचा. मी १,२९६ साध्या मराठी शब्दांची यादी केली आहे. तिफण, उंबरा, सराटा, पळस, असे शब्द, इंग्रजी अक्षरांत लिहिलेले. यादीतल्या प्रत्येक शब्दापुढे चार आकडे आहेत, कारण चार फासे टाकले की १,२९६ प्रकारे पडतात. चार फासे टाकायचे, आकडे बघायचे, शब्द घ्यायचा. असं पाच वेळा. समजा असं आलं:

`tifan-dabba-palas-umbra-vikhe`

हे उदाहरण आहे, कोणी वापरू नका. अशा पाच शब्दांच्या जुळण्या होतात १,२९६ ला पाच वेळा गुणल्याइतक्या, म्हणजे साधारण ३६ लाख अब्ज. त्याच चोराला, त्याच वेगाने, सगळ्या तपासायला हजार वर्षांहून जास्त लागतील. आणि हे तेव्हा, जेव्हा माझी यादी आणि फाशांची पद्धत दोन्ही त्याला माहीत आहेत. पण शब्द आवडला नाही म्हणून बदलला, किंवा पाचही शब्द शेतातले जुळवून घेतले, की हा हिशेब मोडतो. फाशाने दिलेलं घ्यायचं. विचित्र वाटेल. चार-पाच दिवस रोज टाइप केलं की बोटांना सवय होते.

हा मुख्य पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलायचा नाही. जुना नियम आपण काढून टाकत आहोत. अमेरिकेची मानकं ठरवणारी नीस्ट ही संस्थाही २०१७ पासून सांगते की फुटल्याची खूण नसताना सक्तीने पासवर्ड बदलायला लावू नका. आपल्याकडे त्या नियमाने `@123` चं `@124` झालं, दुसरं काही नाही.

आता एक फायदा सांगतो जो माझ्या मते लांब पासवर्डपेक्षाही मोठा आहे. पासवर्ड मॅनेजर पासवर्ड स्वतः भरतो, आणि भरण्याआधी साइटचा पत्ता अक्षरन् अक्षर जुळवतो. उदाहरणासाठी आपली साइट अशी समजा:

`krushimitra.example`

आणि कोणी असं पत्र पाठवलं की तुमचा मेलबॉक्स भरला आहे, इथे लॉगिन करा:

`krushirnitra.example`

दुसऱ्यात `m` च्या जागी `r` आणि `n` शेजारी शेजारी आहेत. काट्यावर शंभर गाड्यांची रांग असताना आणि संध्याकाळी पाचला तुरीच्या धुळीने डोळे चुरचुरत असताना हा फरक कोणाला दिसणार? मला नाही दिसणार. सॉफ्टवेअरला दिसतो, कारण ते वाचत नाही, तुलना करतं. खोट्या साइटवर तो पासवर्ड पुढेच करणार नाही. म्हणून रोज आपोआप भरणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरला नाही, तर तिथेच हात थांबवा आणि मला फोन करा. 'आज चालत नाही वाटतं' म्हणून तिजोरीतून पासवर्ड कॉपी करून तिथे चिकटवलात, तर हे संरक्षण तुम्ही स्वतःच काढून घेतलं. कधीकधी खरी साइटही पत्ता बदलते आणि पासवर्ड भरला जात नाही. तो निर्णय माझ्यावर सोपवा.

काही जण विचारतात, ब्राउझर फुकट पासवर्ड जपून ठेवतो, मग हे कशाला? घरच्या, एकट्याच्या कॉम्प्युटरवर त्यात फार वावगं नाही. आपल्या केंद्रावर मात्र एकच कॉम्प्युटर, एकच विंडोज लॉगिन आणि तीन पाळ्यांची तीन माणसं. ब्राउझर उघडणाऱ्या कोणालाही सगळ्यांचे पासवर्ड मिळतात. तिजोरी प्रत्येकाची वेगळी आहे आणि पाच मिनिटं हात लागला नाही की आपोआप बंद होते.

लाइनचं आणि नेटचं काय, हेही बऱ्याच जणांनी विचारलं. तिजोरीची कुलूपबंद प्रत कॉम्प्युटरवर राहते, त्यामुळे नेट गेलं तरी जुने पासवर्ड दिसतात. नवा जतन करायला मात्र नेट लागेल. यासाठी एक पाळा: काम झालं की 'लॉक' करा, 'लॉगआउट' नाही. लॉक केलेली तिजोरी नेटशिवाय उघडते. लॉगआउट केलेली उघडत नाही.

मुख्य पासवर्ड विसरलात तर तिजोरी परत मिळते, कारण तशी सोय मी सुरुवातीलाच चालू केली आहे. पण त्यासाठी तुम्ही स्वतः कार्यालयात यायचं. फोनवर ते होणार नाही, आवाज ओळखीचा असला तरी नाही. याचा दुसरा अर्थही उघड सांगतो: कार्यालय तुमची ऑफिसची तिजोरी उघडू शकतं. म्हणून घरचे, बँकेचे, मुलांच्या शाळेचे पासवर्ड तिच्यात ठेवू नका. त्यासाठी स्वतःची वेगळी तिजोरी घ्या, मी लावून देतो. आणि ऑफिसच्या ईमेलवर घरची खरेदी आता बंद.

जीएसटीसारखी जी लॉगिन आपण वाटून वापरतो, ती सामायिक कप्प्यात राहतील. ज्याचं काम त्यालाच कप्पा दिसेल. कोणी काम सोडून गेलं की मी कप्पा काढून घेतो, पण तेवढ्यावर भागत नाही. जो पासवर्ड माणसाने एकदा पाहिला तो त्याला माहीत झाला, म्हणून त्याच दिवशी त्या कप्प्यातले सगळे पासवर्ड बदलले जातील. यात अविश्वास नाही. गेलेल्या माणसावर पुढे कधी बोट उठू नये, हाही त्याचाच भाग आहे.

पासवर्ड मॅनेजर कुठे कमी पडतो तेही सांगितलं पाहिजे. तिजोरी उघडी असताना कॉम्प्युटरवर खोटं सॉफ्टवेअर बसलं, तर ते आतलं वाचू शकतं. 'तुमचं पोर्टल दुरुस्त करतो, स्क्रीन दाखवा' असा फोन आला आणि तुम्ही एनीडेस्कसारखं ॲप उघडून दिलं, तर तिजोरी असून नसून सारखीच. फोनवर आलेला ओटीपी कोणाला वाचून दाखवला तर तेही तिजोरी थांबवू शकत नाही. यासाठी ईमेलला दुसरी पायरीही लावत आहोत, म्हणजे पासवर्डनंतर मोबाईलवरचा आकडा. आणि बँक खातं बदलल्याचं पत्र कुठूनही आलं, आपल्याच पत्त्यावरून आलं तरी, जुन्या नंबरवर फोन करून खात्री करायची. त्या मुनीमजींनी केलं तसंच. पैसे गेलेच तर पहिला फोन सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला करायचा, मला नंतर. रक्कम मधेच अडवायची असेल तर तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं.

२२ सप्टेंबरपासून मी रोज दोन केंद्रांवर येणार आहे. चार फासे आणि शब्दांची यादी माझ्यासोबत असेल. प्रत्येकाला पाऊण तास लागेल: दहा मिनिटं फाशांना, बाकीचा वेळ जुने पासवर्ड बदलायला. सुरुवात ईमेलपासून करू, कारण बाकीच्या सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?' हे दुवे तिथेच येतात. तुमचे पाच शब्द मी बघणार नाही, तेव्हा पाठ फिरवून उभा राहीन. ते चिठ्ठीवर लिहून आठवडाभर खिशातल्या पाकिटात ठेवायला हरकत नाही, कॉम्प्युटरला चिकटवू नका. पाठ झाले की चिठ्ठी जाळा.

आणि टेबलाच्या खणातली पासवर्डची वही त्या दिवशी काढून ठेवा. जुने पासवर्ड बदलायला आधी तीच लागणार आहे.